२५० गिगावॅटमध्ये घरं किती? पुतणीच्या तक्त्याचं पूर्ण प्रकरण

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी उदगीरकडं गेलो होतो आणि मोठ्या भावाची पोरगी नववीत, तिचा विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता ओसरीत पसरलेला होता. विषय वीज. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "३० मे २०२४ रोजी भारताने २५० गिगावॅट वीज वापरली. एवढ्या विजेत २० कोटी घरे एक दिवस चालतील." मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, त्यामुळं नजर तिथंच अडकली. म्हणलं हे वीस कोटी कुठून आले बाळा, तर ती म्हणली काका माझं उत्तर आधी दोनशे कोटी आलं होतं, शाळेत दाखवलं तर एक शून्य जास्त पडलंय म्हणले, देशात एवढी घरंच नाहीत, म्हणून मी वीस केलं.

म्हणजे पोरीचं गणित बरोबर होतं आणि दुरुस्तीत ते चुकलं. वीस कोटी हा आकडा दिसायला बरोबर दिसतो, कारण देशातली घरं त्याच्या आसपासच आहेत, २०११ च्या जनगणनेत साडेचोवीस कोटींच्या वर कुटुंबं मोजली होती आणि आता साधारण तीस कोटी धरली तर फार चूक होत नाही. पण दिसायला बरोबर आहे म्हणून आकडा बदलायचा नसतो, तो कुठल्या पायरीवर बिघडला ते शोधावं लागतं. दोन दिवस आम्ही तेच केलं, ती, मी, आणि मधेमधे आबा. ते सगळं इथं लिहून काढतोय कारण असल्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि दरवेळी हाच गुणाकार भागाकार कुणीतरी करतं.

आधी तिचं मूळ गणित. २५० गिगावॅट गुणिले २४ तास म्हणजे ६,००० गिगावॅट-तास. एक गिगावॅट-तास म्हणजे १० लाख युनिट, म्हणून ६,००० चे ६०० कोटी युनिट. घरचं ऑक्टोबरचं बिल ९० युनिटचं, म्हणजे दिवसाला ३ युनिट. ६०० कोटी भागिले ३, उत्तर २०० कोटी घरं. गुणाकार भागाकारात एकही शून्य इकडचं तिकडं नाही, मी दोनदा तपासलं.

मग शून्य काढल्यावर काय झालं ते तिला उलटं भागून दाखवलं. ६०० कोटी युनिट २० कोटी घरांना वाटले तर एका घराला दिवसाला ३० युनिट येतात, महिन्याला ९००. मी म्हणलं आपल्या गल्लीत कुणाचं ९०० युनिटचं बिल येतं का गं, तर ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणली, काका हे तर कुणाचंच येत नाही. ही उलटी तपासणी फार कामाची आहे, घरांचा आकडा कुणीही सांगितला की त्यानं वीज भागायची आणि जे युनिट येतील ते आपल्या बिलाशी लावून बघायचे, दहा सेकंदात कळतं.

तर २० कोटी चूक. पण २०० कोटीही पटत नाही, आणि इथून खरं काम सुरू झालं.

पहिली अडचण वाक्यातच होती, "२५० गिगावॅट वीज वापरली". गिगावॅट वापरला जात नाही. गिगावॅट म्हणजे त्या क्षणी वीज किती वेगानं ओढली जातेय ते, आणि युनिट म्हणजे एकूण किती ओढली ते. आबा बाजूला बसून ऐकत होते, त्यांना म्हणलं आपल्या बोरची मोटार पाच एचपीची, ती चालू केली की साधारण चार किलोवॅट ओढती, पण बिल चार किलोवॅटचं येतं का, नाही, ती किती तास चालली त्यावर येतं. एक तास चालली की चार युनिट, आठ तास चालली की बत्तीस. आबा म्हणले म्हंजी बोरला पाणी किती इंची हाय ते येगळं अन् हौद किती भरला ते येगळं. तसंच. दोन इंची पाणी लागलं म्हणतो तेव्हा आपण वेग सांगतो, हौद भरायला वेळ लागतो.

मग २५० गिगावॅट म्हणजे केवढं ते परळीवरून सांगितलं, कारण परळीची चिमणी तिनं बघितलेली आहे. परळीच्या औष्णिक केंद्राचा एक संच २५० मेगावॅटचा, असे तीन संच तिथं आहेत. हजार मेगावॅटचा एक गिगावॅट, म्हणजे २५० गिगावॅट हे परळीच्या असल्या हजार संचांएवढं झालं, सगळे एकाच वेळी पूर्ण भारानं चालू. एक संच तासभर पूर्ण चालला तर अडीच लाख युनिट, हजार संच तासभर चालले तर २५ कोटी युनिट. हा २५ कोटीचा आकडा मी तिला लक्षात ठेवायला सांगितला, कारण गिगावॅटवरून युनिटला जायचा तोच सोपा पूल आहे, २५० गिगावॅट जेवढे तास टिकेल तेवढ्या वेळा २५ कोटी.

आणि प्रश्न तोच आहे, किती तास टिकेल?

२४ नं गुणलं म्हणजे आपण असं धरलं की दिवसभर, रात्रभर, पहाटे चारला पण मागणी २५० गिगावॅटच होती. पण बातमीतला आकडा हा शिखराचा आकडा असतो, त्या दिवसातल्या सगळ्यात चढ्या क्षणाचा. ३० मे २०२४ चे ते २५० गिगावॅट दिवसा, ऊन असतानाचे आहेत. आदल्या दिवशी २९ मेला ऊन नसलेल्या तासांतलं शिखर २३४ गिगावॅटच्या आसपास होतं, तोही तेव्हाचा विक्रमच होता. म्हणजे ऊन उतरल्यावरचं सगळ्यात मोठं शिखर सुद्धा १६ गिगावॅटनं खाली, परळीचे ६४ संच कमी. हे आपल्याकडं पण समजण्यासारखं आहे, दुपारी एसी कूलर कारखाने ऑफिसं सगळं एकत्र चालू असतं आणि शेतीपंपांची वीज पण आता दिवसा द्यायकडं कल आहे कारण सोलरची वीज दिवसाच असते, पूर्वी रात्री दोनला उठून मोटार चालू करायला जायचं ते आबांना अजून आठवतं, विंचवाकाट्यात बॅटरी घेऊन.

दिवसाची खरी वीज काढायची तर मागणीची दिवसभराची रेघ पाहिजे आणि त्या रेघेखालचं क्षेत्रफळ पाहिजे. आम्ही आलेख कागदावर एक रेघ काढली. हे आकडे मी गोळाबेरीज धरलेत, शिकवण्यासाठी, कुठल्या अहवालातले नाहीत. मध्यरात्री ते सकाळी सहा २२२ गिगावॅट, म्हणजे सहा तासांचे १,३३२ गिगावॅट-तास. सहा ते दहा २१२, चार तासांचे ८४८. दहा ते संध्याकाळी पाच सरासरी २४०, सात तासांचे १,६८०, शिखर २५० ला टेकतं ते याच पट्ट्यात पण सातही तास तिथं राहत नाही. पाच ते आठ २१८, तीन तासांचे ६५४. आठ ते बारा २३०, चार तासांचे ९२०. बेरीज ५,४३४, आपण ५,४०० म्हणू. पूर्ण ६,००० च्या नव्वद टक्के.

या नव्वद टक्क्याला लोड फॅक्टर म्हणतात, सरासरी मागणी भागिले शिखर मागणी. पोरीनं लगेच विचारलं मग दरवेळी ०.९ नं गुणायचं का, तर नाही, आणि ही दुसरी जागा जिथं लोक घसरतात. तो फॅक्टर किती काळासाठी आहे त्यावर बदलतो. मे २०२४ महिन्यात देशाची वीज साधारण १५५ अब्ज युनिट होती, ३१ नं भागलं तर दिवसाला सरासरी ५,००० गिगावॅट-तास, म्हणजे ६,००० च्या ८३ टक्के. आणि २०२४-२५ चं पूर्ण वर्ष घेतलं तर सुमारे १,६९० अब्ज युनिट, तिथं २५० गिगावॅट गुणिले ८,७६० तास केलं तर २,१९० अब्ज येतं, म्हणजे फक्त ७७ टक्के. कारण सरळ आहे. शिखराच्या दिवशी सगळा दिवसच तापलेला असतो, महिन्यात मधेच वळवाचा पाऊस पडून गार झालेले दिवस पण येतात, आणि वर्षात तर डिसेंबर जानेवारीची थंडी पण येते, कूलर माळ्यावर. काळ जेवढा लांब तेवढी सरासरी शिखरापासून खाली खाली जाते. म्हणून एखाद्यानं शिखराला २४ नं आणि मग ३६५ नं गुणून वर्षाची वीज सांगितली तर तो जवळजवळ तीस टक्के जास्त सांगतोय.

याचा एक फायदा पण झाला. माझी रेघ अंदाजाची असली तरी उत्तर कुठं पडणार ते दोन्ही बाजूनं बांधलं गेलं. शिखराचा दिवस ६,००० च्या वर जाऊच शकत नाही, आणि महिन्याच्या सरासरी ५,००० च्या खाली असायची शक्यता नाही, कारण तो तर महिन्यातला सगळ्यात तापलेल्या दिवसांपैकी एक. म्हणजे ५,४०० म्हणताना फार तर दहा बारा टक्क्यांचा घोळ होऊ शकतो, त्याच्या बाहेर नाही. तक्त्यासाठी एवढं पुरे.

आणि खरं तर ज्याला अचूक पाहिजे त्यानं गुणायचंच नाही. देशाचं ग्रीड सांभाळणारी ग्रीड इंडिया, जिचं नाव आधी पोसोको होतं, रोजचा अहवाल काढते, त्यात त्या दिवसाची सर्वाधिक मागणी मेगावॅटमध्ये आणि त्याच दिवशीची एकूण वीज एमयूमध्ये, दोन्ही शेजारी शेजारी दिलेलं असतं. एमयू म्हणजे मिलियन युनिट, १० लाख युनिट, आणि तेच एक गिगावॅट-तास, दोन नावं एकच चीज. अहवालात एमयू दिसलं की तोच आकडा गिगावॅट-तास म्हणून उचलायचा, काही करायचं नाही. हे मला कॉलेजात असताना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मी कितीतरी वर्षं एमयूचं रूपांतर करत बसायचो.

आता घरं. ५,४०० गिगावॅट-तास म्हणजे ५४० कोटी युनिट, पण ही वीज कुठं मोजलीय? ग्रीडमध्ये सोडताना. घरच्या मीटरला पोचेपर्यंत मोठ्या लाईनी, सबस्टेशन, डीपी, गावातल्या जुन्या तारा, आकडे टाकलेले, सगळं मिळून देशात साधारण सहावा हिस्सा वाटेत जातो. म्हणजे ५४० मधले ९० गेले, मीटरपर्यंत पोचतात ४५० कोटी युनिट. तिचं बिल मीटरवरचं आहे म्हणून भागायला हेच घ्यायचं, ५४० नाही.

आणि मग भाजक. इथं मात्र मला स्वतःला थांबावं लागलं. ती ऑक्टोबरचं बिल घेऊन बसली होती आणि शिखर मे महिन्यातलं! दादाला म्हणलं मेचं बिल काढ, तो म्हणला कशाला रे आता जुनं उकरायलास, पण वहिनीनं फाईलमधून काढून दिलं. मेचं बिल १४० युनिट. दिवसाला साडेचार. कूलर दोन महिने दिवसरात्र चालतो त्याचा हा फरक, ऑक्टोबरच्या दीडपट. शिखराच्या दिवसाची वीज घ्यायची आणि गारव्यातल्या महिन्याच्या घरानं भागायची, म्हणजे घरांचा आकडा आपोआप फुगतो. ४५० कोटी भागिले साडेचार, १०० कोटी घरं.

दोनशेचे शंभर झाले, आणि प्रत्येक कपातीला कारण आहे. २४ तास पूर्ण शिखर नसतं म्हणून दहा टक्के गेले, वाटेत सहावा हिस्सा गेला, आणि मे महिन्यातलं घर दीडपट खातं म्हणून राहिलेल्यातला तिसरा हिस्सा गेला. नुसतं शून्य खोडून हे झालं नसतं.

पण ती लगेच म्हणली, काका अजूनही शंभर कोटी घरं देशात नाहीतच की. पोरगी हुशार आहे. तर इथंच त्या सगळ्या बातम्यांचा घोळ आहे, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. "एवढ्या विजेत शंभर कोटी घरं चालतील" याचा अर्थ एवढाच की ही वीज शंभर कोटी घरांच्या वापराएवढी आहे. त्यातली खऱ्या घरांत किती गेली ते ते वाक्य सांगतच नाही. देशात विकलेल्या विजेतला घरांचा वाटा साधारण चौथा हिस्सा ते तीस टक्के असतो. बाकी कारखाने सगळ्यात जास्त, मग शेतीपंप, दुकानं, ऑफिसं, रेल्वे, पाणीपुरवठा.

मग आम्ही उलटं गेलो. मीटरला पोचलेले ४५० कोटी युनिट, त्यातला चौथा हिस्सा घरांचा म्हणजे ११२ कोटी, तीस कोटी घरांना वाटले तर घरामागं पावणेचार युनिट. तीस टक्के धरला तर १३५ कोटी, घरामागं साडेचार. दादाच्या मेच्या बिलाला बरोबर येऊन चिकटलं! तिनं टाळीच वाजवली. मी तिला एवढंच म्हणलं की इतकं तंतोतंत जुळणं योगायोग आहे, आपलं घर म्हणजे देशाची सरासरी नव्हे, मोठ्या शहरात दोन एसीचं घर मेमध्ये दिवसाला पंधरा युनिट खातं आणि तांड्यावरच्या एका बल्ब एका पंख्याच्या घराला एक युनिट पुरतं. पण आकडा चारच्या आसपास आला, चाळीस नाही आला आणि अर्धा नाही आला, म्हणजे साखळीत कुठं मोठी चूक राहिली नाही. वीस कोटीवाल्या तक्त्यात तीस युनिट येत होते, आठवतंय ना.

संध्याकाळी दादाचा मित्र आला, तो लाईटच्या ठेक्याची कामं करतो, त्यानं तक्ता बघून वेगळंच काढलं. म्हणला सर तुम्ही एवढं लांब कशाला गेला, घराला मंजूर भार एक किलोवॅट असतो, बिलावर छापलेला आहे, २५० गिगावॅट म्हणजे २५ कोटी किलोवॅट, झाली २५ कोटी घरं. आणि बघा, आकडा पुन्हा देशातल्या घरांजवळच आला! म्हणजे अशा जवळ येण्यावर किती भरवसा ठेवायचा ते समजा.

त्याची पद्धत मुळात चुकीची नाही, गिगावॅटला किलोवॅटनं भागणं हे युनिटला युनिटनं भागण्यासारखंच बरोबर आहे, पण तो प्रश्न दुसरा आहे. तो प्रश्न असा, एका क्षणी किती घरांना एकदम पुरवता येईल. आणि त्यासाठी मंजूर भार धरायचा नसतो, तो घरानं जास्तीत जास्त किती ओढावं याची मर्यादा आहे. सगळी घरं एकाच मिनिटाला पूर्ण भार ओढत नाहीत, तुमच्याकडं मिक्सर चालू तेव्हा शेजारी टीव्ही चालू, तिसरीकडं घराला कुलूप. हे त्यालाच विचारलं, तुमच्या वस्तीतल्या डीपीवर किती कनेक्शन, तो म्हणला ६३ केव्हीएची डीपी, सव्वाशेच्या आसपास घरं. म्हणलं मग प्रत्येकाचा एक किलोवॅट धरला तर डीपीवर १२५ किलोवॅट पाहिजे, ती ६३ ची डीपी उडत का नाही? ६३ केव्हीए म्हणजे साधारण ५५-५७ किलोवॅट, भागिले १२५, घरामागं साडेचारशे वॅट. म्हणजे डीपी बसवणाऱ्यांनी आधीच धरून ठेवलंय की एकाच वेळी घरामागं अर्ध्या किलोवॅटच्या आतच येणार. मे महिन्यात सगळे कूलर एकदम लागले आणि दोन चार घरांनी आकडे टाकून शेगड्या लावल्या की मग फ्यूज जातो, तो म्हणला ते तर दर उन्हाळ्यात होतं.

घरात बसून आम्ही पण बेरीज केली, दोन पंखे दीडशे वॅट, फ्रिज चालू असला तर शंभर, टीव्ही साठ, चार एलईडी चाळीस, साडेतीनशे झाले, कूलर जोडला की पाचशेच्या वर. सगळ्या घरांचं मिळून ४०० वॅट धरू. २५ कोटी किलोवॅट, वाटेतला सहावा हिस्सा वजा करून २१ कोटी, भागिले ०.४, साधारण ५२ कोटी घरं एका क्षणी.

तर एकाच २५० गिगावॅटमधून २५ कोटी, ५२ कोटी, १०० कोटी आणि २०० कोटी, चार उत्तरं निघाली. ५२ आणि १०० मधला फरक समजून घेण्यासारखा आहे. साडेचार युनिटचं घर दिवसभराच्या सरासरीनं १९० वॅटच ओढतं, साडेचार हजार भागिले चोवीस. गर्दीच्या वेळी तेच घर ४०० ओढतं. घराचा स्वतःचा लोड फॅक्टर पन्नास टक्क्यांच्या आत आणि देशाचा नव्वद, कारण देशात कारखाने चोवीस तास चालतात, शेतीपंप पाळीनं चालतात, एकाचा खड्डा दुसऱ्याच्या उंचवट्यानं भरतो. देशात नुसती घरंच असती तर रेघ एवढी सपाट राहिली नसती, आणि तेवढीच वीज द्यायला शिखर कितीतरी उंच लागलं असतं. म्हणून दिवसाच्या विजेला घरानं भागून आलेले १०० कोटी हे प्रत्यक्षात एका वेळी चालवता येतील अशी घरं नाहीतच, संध्याकाळी सगळी एकदम चालू झाली की २५० गिगावॅट पुरणार नाही. युनिट विचारताय की एका वेळची ताकद विचारताय हे आधी ठरवल्याशिवाय घरांचा आकडा सांगूच नये असं माझं ठाम मत झालंय.

एक गोष्ट तक्त्यावर मावली नाही पण सांगतो. ते २५० गिगावॅट ग्रीडनं बघितलेले आहेत. कुणाच्या छतावरच्या सोलरनं घरातल्या घरात चाललेला पंखा, कारखान्यानं स्वतःच्या जनरेटरवर किंवा स्वतःच्या छोट्या केंद्रावर चालवलेली मशीन, हे ग्रीडला दिसतच नाही, मागणी तेवढी कमी दिसते. छतावरचं सोलर वाढेल तसा दुपारचा आकडा प्रत्यक्ष वापरापेक्षा अजून खाली दिसत जाणार. घरांचं गणित त्यानं लगेच कोसळत नाही, पण पाच वर्षांनी हाच तक्ता करणाऱ्याला ते बघावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवा कागद घेतला. मी म्हणलं वाक्य तूच लिही, तिनं तीनदा खोडून हे लिहिलं, "३० मे २०२४ रोजी भारताची विजेची मागणी एका क्षणी २५० गिगावॅटपर्यंत गेली. त्या दिवसाची एकूण वीज अंदाजे ५,४०० गिगावॅट-तास, म्हणजे ५४० कोटी युनिट. वाटेतली गळती वजा करून ही वीज दिवसाला साडेचार युनिट वापरणाऱ्या १०० कोटी घरांच्या वापराएवढी आहे. देशात घरे सुमारे ३० कोटी आहेत." खाली गणिताच्या पायऱ्या, आणि कुठं काय धरलंय ते लाल पेननं. "अंदाजे" शब्द तिला नको होता, मार्क कमी पडतील म्हणली, मी तो ठेवायला लावला.

शेवटचं वाक्य वाचून आबा म्हणले, शंभरातली तीस घरं झाली, मग सत्तर घरांची लाईट कुणी खाल्ली? ती म्हणली आबा त्यातली थोडी तुमच्या मोटारीनं. आणि तिथंच मांडलं, चार किलोवॅट, आठ तास, बत्तीस युनिट, भागिले साडेचार, सात घरं. आबांना पटंना, एक मोटार अन् सात घरं? त्यांनी उठून स्वतः मेचं बिल हातात घेतलं, चष्मा लावून १४० चा आकडा बघितला, मग बोटावर हिशोब केला की मोटार पाच दिवस चालली की आपल्या घराचा पूर्ण महिना झाला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणले हे पण लिही खाली. तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात मोटारीचं चित्र आहे, शेजारी सात घरं काढलीत, त्यातल्या एका घरापुढं बाज टाकून म्हातारा बसलेला आहे.